दुभाष्याला पेलेल असे बोलणे

मी जुईनगरला राहतो. पुष्कळ वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि आता निवृत्तीनंतर पाहुण्यांच्या लहान लहान तुकड्या घेऊन रायगडावर जातो. आमच्या घरापासून शीव-पनवेल रस्ता जवळच आहे. त्या रस्त्याने पनवेल ओलांडून गोव्याच्या वाटेला लागले, की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. परदेशी पाहुणे गाडीतूनच बोट दाखवतात आणि विचारतात, ‘तो अंगठ्यासारखा काय आहे?’ त्या क्षणी माझे काम सुरू होते. आज मी आपल्याशी त्याच कामाविषयी बोलणार आहे. गडाची माहिती सांगणारा मराठीत बोलतो, मध्ये दुभाषी उभा असतो आणि ऐकणारा परक्या मुलखातला असतो. अशा वेळी बोलावे कसे?

हा प्रश्न आता खेड्यांतल्या मंडळींपुढेही येणार आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर आणि पन्हाळा हे डोंगरी किल्ले आपल्याकडचे आहेत. पायथ्याच्या गावातले तरुण वाटाड्याचे काम करतात, आणि शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना कोणीतरी म्हणतेच, ‘पाहुणे आले आहेत, जरा माहिती सांगा.’

माझी पहिली फजिती आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी दहा-बारा फ्रेंच पाहुण्यांना घेऊन मी रायगडावर गेलो. सोबत फ्रेंच शिकलेली पुण्याची एक मुलगी दुभाषी म्हणून होती. आम्ही राजसदरेच्या अंगणात उभे राहिलो. समोर सिंहासनाची जागा पाहून मला भरून आले आणि मी एका दमात बोललो :

‘ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, काशीच्या गागाभट्टांना पाचारण करून, सप्तनद्यांचे उदक आणवून, अष्टप्रधानांना आपापल्या जागी उभे करून, पातशाह्यांच्या नाकावर टिच्चून, बत्तीस मणांच्या सुवर्णसिंहासनावर महाराज या ठिकाणी आरूढ झाले!’

शाळेत या वाक्याला मुले टाळ्या वाजवीत. येथे मात्र ती मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग तिने दोनच वाक्ये सांगितली. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि एक बाई नगारखान्याचे छायाचित्र काढू लागल्या. परतताना मी विचारले, ‘ताई, एवढे सगळे दोन वाक्यांत कसे बसले?’ ती हसून म्हणाली, ‘काका, तुमचे क्रियापद कधी येते याची वाट पाहत मी उभी होते. ते येईपर्यंत मागचे सगळे हातातून सांडले.’

श्रोतेहो, त्या मुलीने मला माझ्याच भाषेचे व्याकरण नव्याने शिकवले. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. फ्रेंच किंवा इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. म्हणजे दुभाष्याला आपले वाक्य संपेपर्यंत तोंड उघडता येत नाही. त्यातून आपण ‘बोलावून, आणवून, उभे करून, टिच्चून’ अशी माळ ओवली, की प्रत्येक मणी त्याला डोक्यात धरून ठेवावा लागतो. तीन मणी राहतात, चौथा सांडतो. नकाराचे तर आणखी कठीण. ‘नाही’ हा शब्द आपण अगदी अखेरीस म्हणतो. दुभाष्याने घाईने आधीच सुरुवात केली असेल, तर होकाराचा नकार करताना त्याची तारांबळ उडते.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की ‘ऊन’ प्रत्ययाची माळ तोडावी. जेथे ‘करून’ येईल तेथे ‘केले’ म्हणून थांबावे. दोन किंवा तीन वाक्ये झाली, की दुभाष्याकडे पाहावे आणि गप्प राहावे. आपले बोलणे वीस सेकंदांच्या आत आटोपले, तर चांगला दुभाषी त्यातले सहसा काही सांडत नाही.

दुसरी अडचण आदराची आहे. आपण म्हणतो, ‘महाराज आले, ते सिंहासनावर बसले.’ हे आपले आदरार्थी बहुवचन. मराठी ज्याची घरची भाषा नाही असा एक दुभाषी एकदा ते खरोखरच अनेकवचन समजला आणि त्याने पाहुण्यांना सांगितले, की पुष्कळ राजे आले आणि बसले. एका पाहुण्याने मला विचारले, ‘एवढ्या लहान जागेत किती राजे बसत असत?’ यावर उपाय म्हणून महाराजांना ‘तो’ म्हणण्याची काही गरज नाही आणि ते आपल्या तोंडूनही निघणार नाही. आदल्या संध्याकाळी दुभाष्याला एवढेच सांगावे, ‘मी महाराज म्हणेन तेव्हा तो एकच माणूस आहे. तुम्ही त्याला शिवाजी राजा म्हणा.’ ‘छत्रपती’ या शब्दाचा अर्थही तेव्हाच देऊन ठेवावा : ज्याच्या डोक्यावर राजछत्र आहे तो, कोणाचा मांडलिक नसलेला राजा.

तिसरी अडचण आकड्यांची. मराठी आकडे ऐकणाऱ्याची परीक्षा पाहतात. चौसष्ट, चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी हे शब्द वाऱ्यात एकमेकांसारखेच ऐकू येतात. आपण एकक आधी म्हणतो आणि दशक मागून, इंग्रजीत ते उलटे. सव्वा, पाऊण, अडीच, साडे यांची गंमत वेगळीच. लाखाचे भाषांतर घाईत दशलक्ष झालेले मी दोनदा ऐकले आहे. म्हणून मी पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा जवळ ठेवतो. त्यावर मोठ्या अंकांत फक्त चार सनावळ्या आहेत : १६५६, १६७४, १६८०, १८१८. पहिल्या वर्षी महाराजांनी जावळी जिंकली आणि पाठोपाठ हा डोंगर, म्हणजे तेव्हाचा रायरी, त्यांच्या हाती आला. दुसऱ्या वर्षी येथे राज्याभिषेक झाला. तिसऱ्या वर्षी महाराजांचा येथेच मृत्यू झाला. चौथ्या वर्षी इंग्रजांनी गड घेतला. बोलताना मी त्या त्या अंकावर बोट ठेवतो. एवढ्या सनावळ्या पाहुण्यांना पुरतात.

मापांचेही तसेच आहे. बत्तीस मण हा बखरीतला आकडा आहे. त्याचे किलो करीत बसलो, तर मण कोणता धरायचा येथूनच वाद सुरू होतो. पाहुण्याला सांगावे, ‘जुन्या बखरीत हे सिंहासन सोन्याचे होते असे लिहिले आहे. आज ते येथे नाही.’ उंची सांगताना सावध राहावे. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. पॅरिसचा आयफेल मनोरा ३३० मीटर. म्हणजे असे अडीच मनोरे एकावर एक ठेवले तर एवढी उंची होते. हे फ्रेंच माणसाला चटकन कळते. पण लगेच पुढे सांगावे, की ही उंची समुद्रापासूनची आहे. पाचाडचा पायथा मुळातच बराच वर आहे, त्यामुळे चढण त्याहून पुष्कळ कमी. हे सांगायचे राहिले, तर वयस्कर पाहुणे आकडा ऐकूनच खाली बसतात. त्यांच्यासाठी १९९६ पासून पाळण्याची सोय आहे, तीही त्याच वेळी सांगावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मराठीत ‘म्हणे’ नावाचा एक चिमुकला शब्द आहे. ‘हिरकणी म्हणे हा कडा उतरून गेली.’ या एका शब्दाने आपण ऐकणाऱ्याला कळवतो, की ही ऐकीव गोष्ट आहे, मी कागद पाहिलेला नाही. आपल्या माणसाला ते स्वरावरूनच समजते. भाषांतरात मात्र हा शब्द हमखास गळतो, कारण दुभाषी शब्द उचलतो, स्वर उचलत नाही.

माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. हिरकणी बुरुजावर मी ती गोष्ट रंगवून सांगितली. गवळण दूध घालायला गडावर आली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल होते, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. ज्या कड्यावरून ती उतरली तेथे मग हा बुरूज बांधला. मी दोन वेळा ‘म्हणे’ म्हटले होते. पाहुण्यांमध्ये इतिहासाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी वही काढली आणि विचारले, ‘या बाईचा उल्लेख कोणत्या दप्तरात आहे? वर्ष कोणते?’ मी गडबडलो. म्हणालो, ‘ही लोकांची गोष्ट आहे.’ त्यांनी वही मिटली आणि विचारले, ‘मग सकाळी राज्याभिषेकाविषयी सांगितलेत, तीही लोकांचीच गोष्ट का?’

श्रोतेहो, हा प्रश्न मला लागला. त्यांचा काही दोष नव्हता. मी पुरावा असलेली घटना आणि लोककथा एकाच सुरात सांगितली होती, आणि भाषांतरात दोन्हींची किंमत एकच झाली. लोककथेला इतिहास म्हणून विकण्याच्या नादात खऱ्या इतिहासावरचा त्यांचा विश्वास मी घालवला.

तेव्हापासून मी ‘म्हणे’वर विसंबत नाही. त्याऐवजी एक पूर्ण वाक्य आधी म्हणतो : ‘आता मी एक लोककथा सांगतो.’ थांबतो. दुभाष्याने ते वाक्य सांगितले की पुढे जातो. गोष्ट संपल्यावर पुन्हा म्हणतो : ‘ही लोककथा संपली.’ यामुळे गोष्टीची गोडी जाते असे आपल्याला वाटेल, पण तसे होत नाही. तान्ह्या मुलासाठी कडा उतरणारी आई कोणत्याही देशात कळते, तिला भाषांतराची फारशी गरजच लागत नाही. बाजारपेठेतही मी तसेच करतो. तेथे समोरासमोर दोन रांगा आहेत आणि जोती उंच आहेत. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून ती उंच बांधली, असे सारे वाटाडे सांगतात. मी म्हणतो, ‘जोती उंच आहेत, हे तुम्ही पाहता आहात. लोक त्याचे कारण असे सांगतात. ही दुकाने नसून कामदारांची घरे असावीत, असेही काही अभ्यासकांना वाटते.’ पाहुणे मग आपसांत चर्चा करू लागतात, आणि तेवढा वेळ दुभाष्याला विसावा मिळतो.

कागदावर असलेला पुरावा मात्र ठणकावून सांगावा. राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. तो मुंबईहून समुद्रमार्गे चौलला आला आणि तेथून पुढे डोंगर चढून गडावर पोहोचला. त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यांवर मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे होती आणि दुसऱ्या बाजूला उंच भाल्यावर न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू होता. दरवाजापाशी दोन लहान हत्ती उभे होते. एवढ्या अवघड वाटेने हत्ती वर आणले तरी कसे, याचे त्याला आश्चर्य वाटले. पाहुणे आपली धाप विसरून या ठिकाणी हसतात, कारण नुकतीच तीच वाट त्यांनी पाहिलेली असते. सांगणारा त्यांच्यासारखाच परका प्रवासी आहे, म्हणून त्याचे बोलणे त्यांना चटकन जवळचे वाटते.

आता राजसदरेत मी काय बोलतो ते तसेच्या तसे सांगतो. जेथे ‘थांबणे’ म्हणेन तेथे दुभाष्याची पाळी आहे असे समजावे.

‘आपण दरबाराच्या अंगणात उभे आहोत. समोर सिंहासनाची जागा आहे. मागे जो उंच दरवाजा आहे तो नगारखाना.’ थांबणे.

‘येथे लाकडी खांब होते आणि त्यांवर छप्पर होते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या. वाड्यांना आग लागली. म्हणून आज फक्त दगडी जोती उरली आहेत.’ थांबणे.

‘६ जून १६७४ या दिवशी शिवाजी महाराजांना येथे राज्याभिषेक झाला. तेव्हा फ्रान्समध्ये चौदावा लुई राज्य करीत होता.’ थांबणे.

‘महाराजांकडे त्यापूर्वीच पुष्कळ मुलूख होता. पण शेजारचे सुलतान त्यांना राजा मानीत नव्हते. ते त्यांना बंडखोर जहागीरदार समजत.’ थांबणे.

‘त्या दिवसापासून ते स्वतंत्र राजे झाले. सहाच दिवसांनी त्यांनी इंग्रजांशी तह केला, तो राजा या नात्याने.’ थांबणे.

एवढेच. गागाभट्ट नाहीत, सप्तनद्या नाहीत, अष्टप्रधान नाहीत. माझ्या जुन्या वाक्यातले वैभव गेले, हे खरे. पण जुन्या वाक्यात राज्याभिषेक कशासाठी झाला हे कोठेच नव्हते. आपल्या मुलांना ते ठाऊक असते म्हणून चालून जाते. परक्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो : मुलूख हाती होता, फौज होती, मग अभिषेक हवा कशाला? भाषांतरात बोलण्याचा वेळ निम्मा होतो. चाळीस मिनिटे हाती असली, तर आपल्या वाट्याला वीसच येतात. त्या वीस मिनिटांत थाट सांगायचा की कारण सांगायचे, हे आधी ठरवावे लागते. मी कारण निवडले. पाहुण्यांनी विचारले, तर थाटाचेही सांगतो.

छप्पर आणि आगीची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो. ‘किल्ला’ म्हटल्यावर युरोपातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मनोरे असलेली मोठी दगडी हवेली उभी राहते. येथे जोती पाहून तो मनातून खट्टू होतो, पण बोलत नाही. काय दिसणार नाही आणि का दिसणार नाही, हे आधी सांगितले, की उरलेले तो नीट पाहतो. पाहुणे इंग्रज असले, तरी हे वाक्य मी बदलत नाही. टोमणा मारीत नाही आणि गुळमुळीतही बोलत नाही.

यानंतर मी एक प्रयोग करतो. एका पाहुण्याला सिंहासनाच्या जागेजवळ उभे करतो आणि बाकीच्यांना नगारखान्यापाशी नेतो. मध्ये दोनशे फुटांच्या आसपास अंतर असेल. त्या पाहुण्याने स्वतःच्या भाषेत, साध्या आवाजात, आपल्या गावाचे नाव घ्यायचे. ते पलीकडे स्पष्ट ऐकू येते. येथे दुभाष्याचे कामच उरत नाही. मात्र हे सकाळी लवकर करावे. सहलीच्या शाळा येऊन पोहोचल्या, की गलक्यात काही ऐकू येत नाही आणि प्रयोग फसतो.

आपले बोलणे पोहोचते आहे की नाही, हे फ्रेंच न येताही ओळखता येते. आपण पाच वाक्ये बोललो आणि दुभाषी एकच बोलला, तर चार सांडली असे समजावे. आपण एक बोललो आणि तो दोन मिनिटे बोलत राहिला, तर आपण न सांगितलेला अर्थ तो बिचारा पदरचा घालून समजावतो आहे. बुरुजाविषयी बोलताना पाहुणे बुरुजाकडे न पाहता दुभाष्याच्याच तोंडाकडे पाहत असतील, तर आपण दिसणाऱ्या वस्तूपासून दूर गेलो आहोत. अशा वेळी थांबावे, वस्तूकडे हात करावा आणि तिचे नाव घेऊन पुन्हा सुरुवात करावी. ‘माची’, ‘बुरूज’, ‘टाके’ हे शब्द बोट दाखवून एकदा समजावले, की पाहुणे ते मराठीतच म्हणू लागतात. गंगासागराच्या काठी एका वृद्ध बाईंनी मला ‘तलाव, तलाव’ असे म्हणून दाखवले, तेव्हा माझ्यातला शिक्षक सुखावला.

शेवटी एक आठवण, माझी नव्हे, रायगडाची. ऑक्झेंडनबरोबरही एक दुभाषी होता. त्याचे नाव नारायण शेणवी. राज्याभिषेकाच्या दिवशी ही मंडळी दरबारात शिरली आणि ऑक्झेंडनने दुरूनच मुजरा केला. गर्दी मोठी होती. तेव्हा नारायण शेणव्यांनी महाराजांना नजर करायची हिऱ्याची अंगठी हातात उंच धरली. महाराजांचे लक्ष गेले आणि त्यांनी सर्वांना सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत जवळ बोलावले.

रायगडावरच्या या जुन्या दुभाष्याने आधी वस्तू दाखवली आणि बोलणे मागून झाले. मी त्या अंगणात उभा राहतो तेव्हा हे मला आठवते, आणि तोंड उघडण्याआधी मी हात वर करून सिंहासनाच्या जागेकडे दाखवतो.